बिंदू तोच, अक्ष दुसरे (कथा आणि चर्चा)

वारणाकाठ

सिग्नल प्रोसेसिंगच्या पोरांमध्ये मला एक गोष्ट सतत दिसते. फूरियर ट्रान्सफॉर्मची गणितं बिनचूक सुटतात, पण आपण सिग्नलला नक्की काय केलं हे विचारलं की सगळे गप्प. ती गप्प बसण्याची जागा मला महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर एक छोटी कथा लिहिली आहे. पात्रं काल्पनिक आहेत, मोटर मात्र खरी म्हणावी अशीच आहे. वाचून मोकळेपणाने लिहा.

---

मृणालला फूरियर येत होतं. आठ सँपलचं डीएफटी द्या, ती बटरफ्लायची आकृती पट्टीने आखून, एकही चिन्ह न चुकवता उत्तर काढून द्यायची. जर्नल वेळेत तपासून झालेलं, टर्मवर्कला पूर्ण मार्क. मिनी प्रोजेक्टला तिने हॉस्टेलच्या टाकीत पाणी चढवणारा पंप घेतला. थ्री फेज, चार पोलची मोटर, पाटीवर १४४० आरपीएम. बेअरिंगच्या घरावर चुंबकाने अ‍ॅक्सेलरोमीटर चिकटवला आणि सेकंदाला हजार सँपल या वेगाने एक सेकंदाचं रेकॉर्डिंग घेतलं.

वेळेचा आलेख म्हणजे नुसती विस्कटलेली सुतळी. एफएफटी घेतल्यावर मात्र कागद स्वच्छ झाला. २४ हर्ट्झला एक उंच रेघ, १०० ला दुसरी, आणि अगदी डावीकडे शून्यावर सगळ्यांत मोठी. तिने प्रिंट काढली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"२४ कुठून आले?"

"१४४० भागिले ६०. रोटर सेकंदाला २४ फेरे मारतो. तो थोडा असमतोल असणार."

"आणि १००?"

"वीज ५० हर्ट्झ. स्टेटरची ओढ एका आवर्तनात दोनदा शिगेला पोचते, धन बाजूला एकदा आणि ऋण बाजूला एकदा."

"शून्यावरची?"

"गुरुत्वाकर्षण. सेन्सर उभा लावलाय, तो स्थिर असतानाही ९.८ दाखवतो."

मॅडमनी मान हलवली आणि वेळेचा आलेख पुढे सरकवला. "छान. आता यात २४ हर्ट्झ कुठे आहे? बोट ठेव."

मृणालने बोट उचललं. एका उंचवट्यावर नेलं, तिथून दुसऱ्यावर, आणि मग परत घेतलं. "इथे नाहीये मॅडम. एफएफटीने ते बाहेर काढलं."

"कशातून बाहेर काढलं? मूळ आकडे हजार, एफएफटीतून आलेले हजार. उलट ट्रान्सफॉर्म घेतलास तर मूळ हजारच्या हजार जसेच्या तसे परत मिळतात. बाहेर काढलं असेल तर मागे काहीतरी उरायला हवं ना?"

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. मॅडमनी ड्रॉवरमधून आलेख कागद काढला. "हजार राहू दे. समज सिग्नलमध्ये दोनच सँपल आहेत, ७ आणि १. मांड."

मृणालने दोन खांब काढायला घेतले, पहिल्या क्षणी ७, दुसऱ्या क्षणी १.

"तसं नाही. आडव्या अक्षावर पहिलं सँपल, उभ्यावर दुसरं. एकच बिंदू येईल."

तिने (७, १) वर टिंब दिलं. मॅडमनी पट्टी तिरकी ठेवून मूळबिंदूतून दोन कर्ण ओढले. एका कर्णावर दोन्ही सँपल सारखी असणारे बिंदू येतात, दुसऱ्यावर एकमेकांच्या बरोबर उलट असणारे. "आता टिंबाला हात न लावता या दोन रेघांवरची त्याची मापं सांग."

मृणालने लंब टाकले. पहिल्या कर्णावर बेरीज भागिले वर्गमूळ दोन, म्हणजे ८ भागिले १.४१४, साधारण ५.६६. दुसऱ्यावर वजाबाकी, ६ भागिले १.४१४, साधारण ४.२४. लिहिता लिहिता ती थांबली. बेरीज आणि वजाबाकी. दोन सँपलचं डीएफटी तिने जर्नलच्या पहिल्याच पानावर काढलं होतं आणि ते हेच होतं.

"मूळबिंदूपासूनचं अंतर?" मॅडमनी विचारलं.

"४९ अधिक १, ५०. इकडून ३२ अधिक १८." तिने पुन्हा बेरीज केली. "५०."

"टिंब हललं का?"

"नाही."

"मग जा, चार सँपलचं करून बघ. ५, ३, १, ३ घे. कागदावर चार अक्ष मावणार नाहीत, पण लंब टाकायला कागद लागत नाही. गुणाकार आणि बेरीज पुरते."

रात्री खोलीत बसून तिने चार दिशा लिहिल्या. पहिली: चारही सारखे, १, १, १, १. दुसरी: एक लहर पूर्ण होते ती, १, ०, −१, ०. तिसरी: तीच लहर पाव आवर्तन उशिरा, ०, १, ०, −१. चौथी: दर पावलाला उलटणारी, १, −१, १, −१. कोणत्याही दोन घेऊन आकड्याला आकडा गुणला आणि बेरीज केली की शून्य येत होतं. म्हणजे चौघी एकमेकींशी काटकोनात. त्यांची लांबी एक करून घ्यायची म्हणून पहिली आणि चौथी २ ने भागली, मधल्या दोन १.४१४ ने.

मग ५, ३, १, ३ ची मापं. पहिल्या दिशेवर १२ भागिले २, म्हणजे ६. दुसरीवर ४ भागिले १.४१४, साधारण २.८३. तिसरीवर शून्य. चौथीवर ५ उणे ३ अधिक १ उणे ३, शून्य. वर्गांची बेरीज इकडून ३६ अधिक ८, तिकडून २५ अधिक ९ अधिक १ अधिक ९. दोन्हीकडे ४४.

चार आकड्यांचा सिग्नल दोन आकड्यांत उभा राहिला होता आणि त्यातलं काहीच गळलेलं नव्हतं. स्थिर ३, आणि त्यावर २ उंचीची एक लहर. तो सिग्नल कधी चौथ्या दिशेने गेलाच नव्हता. नुसते खांब बघून हे कळलं नसतं.

ती इथवर सकाळीच पोचली असती. झोप उडवली ती पुढच्या विचाराने. नव्या अक्षांवरच्या मापांना स्पेक्ट्रम म्हणायचं, तर जुन्या अक्षांवरची मापं म्हणजे काय? जुने अक्ष तिने कागदाच्या वरच्या बाजूला लिहिले: १, ०, ०, ०. मग ०, १, ०, ०. "फक्त पहिल्या क्षणी." "फक्त दुसऱ्या क्षणी." म्हणजे वेळेचा आलेख ही मूळ वस्तू नव्हतीच. तीसुद्धा कोणीतरी निवडलेल्या अक्षांवरची मापंच होती. सेन्सर क्षणाक्षणाला मोजतो म्हणून ती आधी हातात येतात, एवढंच. आजवर ती वेळेचा आलेख म्हणजे सिग्नल आणि स्पेक्ट्रम म्हणजे त्याचा रिपोर्ट असं धरून चालली होती. आता दोन्ही एका पातळीवर आले, आणि मोटरचं ते एक सेकंद म्हणजे हजार अक्षांच्या जागेतला एक बिंदू झाला. अक्ष वळवावेत तशी त्याची मापं बदलत होती.

दुसऱ्या दिवशी ती पंपापाशी गेली. रेकॉर्डिंग चालू ठेवून तिने वॉचमनकाकांना स्टार्टर बंद करायला सांगितला. नंतर एकेक सेकंदाचे तुकडे करून बघितले. वीज गेली त्याच्या पुढच्या तुकड्यात १०० ची रेघ नव्हतीच. २४ ची मात्र होती. ती थोडी डावीकडे सरकलेली, थोडी रुंद झालेली, पुढच्या तुकड्यात आणखी डावीकडे. रोटर स्वतःच्या जडत्वाने अजून फिरत होता.

ओरलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वेळेचा आलेख समोर धरला आणि सहज विचारलं, "यात २४ हर्ट्झ कुठे दिसतं?"

मृणाल म्हणाली, "कुठल्याच एका ठिकाणी नाही सर. हजारही आकड्यांत थोडं थोडं आहे. आणि तुमच्या हातातला कोणताही एक आकडा तसाच पूर्ण स्पेक्ट्रमभर पसरलेला आहे."

---

मुक्ता_सं

कथा आवडली. वॉचमनकाकांचा प्रसंग तर फारच. पण एक शंका. "काहीच गळलेलं नाही" हे मला पटत नाही. आम्हाला शिकवलं होतं की फ्रीक्वेन्सीत गेलं की वेळेची माहिती जाते. स्पेक्ट्रम बघून कंप कधी सुरू झाला, लहरीचा माथा कोणत्या क्षणी होता, हे सांगताच येत नाही. म्हणजे दृष्टिकोन बदलण्याची किंमत मोजावी लागतेच ना?

चतुष्कोण

मुक्ताताई, तुम्ही बघता तो स्पेक्ट्रम बहुधा नुसत्या उंचीचा असतो. फेज टाकून दिलेला. तिथे माहिती जाते हे अगदी खरं, पण ती ट्रान्सफॉर्ममध्ये जात नाही, चित्र काढताना आपण अर्धी मापं लपवतो तेव्हा जाते.

कथेतलाच सिग्नल एक पाऊल उशिरा सुरू करा: ३, ५, ३, १. मृणालच्या चार दिशांवर मापं घ्या. पहिलीवर पुन्हा ६. दुसरीवर आता ३ उणे ३, शून्य. तिसरीवर ५ उणे १, भागिले १.४१४, म्हणजे २.८३. दुसऱ्या दिशेवरचं माप तसंच्या तसं तिसरीवर गेलं. नेहमीच्या भाषेत दुसरी आणि तिसरी मिळून एक कॉम्प्लेक्स आकडा होतो. त्याची उंची तीच राहिली, फेज पाव आवर्तनाने फिरला. माथा कधी आला हे त्या फेजमध्ये जपलेलं आहे.

लेखकाला एक बारीक सूचना. दोन सँपलच्या प्रसंगात अक्ष फिरवले असं वाचकाला वाटेल. डीएफटीचा दुसरा अक्ष (१, −१) आहे. निव्वळ ४५ अंश फिरवलं तर (−१, १) मिळाला असता. म्हणजे फिरवणं आणि एक अक्ष उलटा करणं, दोन्ही आहे. अंतर दोन्हींत टिकतं, त्यामुळे कथेला धक्का लागत नाही.

वारणाकाठ

आभार. म्हणूनच मॅडमना "फिरव" म्हणायला लावलं नाही, त्या फक्त कर्ण ओढतात. तरी शेवटी मृणालच्या मनात "वळवावेत" आलंच आहे, ते तसंच राहू देतो. तिला त्या रात्री तसंच दिसलं असणार.

शंतनू_कोड

ज्यांना हाताने करायचं नाही त्यांच्यासाठी:

```
import numpy as np
for x in ([5,3,1,3], [3,5,3,1]):
    x = np.array(x)
    X = np.fft.fft(x)
    print(X, np.sum(x**2), np.sum(abs(X)**2)/len(x))
```

दोन्हींत शेवटचे दोन आकडे ४४ येतात. पहिल्यात १२, ४, ०, ४ आणि दुसऱ्यात १२, −४j, ०, ४j. नमपाय अक्षांची लांबी एक करून घेत नाही, म्हणून शेवटी `len(x)` ने भागावं लागतं. इथे पुष्कळजण अडकतात. एनर्जी जुळत नाही म्हणून तासभर आपलाच कोड तपासत बसतात.

ओढ्यावरचे_आबा

माझं शिक्षण यातलं नाही, पण मोटर वाचून थांबलो. आमच्या ओढ्यावर मोनोब्लॉक आहे, थ्री फेज, पाटीवर २८८०. मागे जळाली म्हणून वाइंडिंग करून आणली, तेव्हापासून घुंघुं करते. आवाज एकसारखा नाही. पाणी ओढायच्या आधी चढतो-उतरतो, सावकाश. पाणी लागलं की तोच चढउतार घाईघाईने होतो. हे ट्रान्सफॉर्म केलं तर कंप कमी होईल का? आणि ते कुठे करून मिळतं?

मुक्ता_सं

आबा, ट्रान्सफॉर्म हे मशिनला लावायचं काही नाही, कागदावरचं गणित आहे. कंप त्याने कमी होणार नाही.

पाळीतला_फिटर

आबांनी फार मोलाचं निरीक्षण लिहिलंय, ते सोडू नका. मी कारखान्यात कंपनमापनाचंच काम करतो.

आबा, तुमची मोटर दोन पोलची. रिकामी फिरते तेव्हा फेरे २९८० च्या आसपास असतात, म्हणजे सेकंदाला ४९.६७. शाफ्टमध्ये काही वाकडं असलं की फेऱ्याला दोन धक्के बसतात, म्हणजे ९९.३ हर्ट्झ. विजेच्या ओढीचा कंप १०० हर्ट्झ. हे दोन सूर इतके जवळ आहेत की कानाला वेगळे ऐकू येत नाहीत, एकच आवाज फुगतो आणि ओसरतो. किती वेळाने? फरक ०.६७ आहे, म्हणजे साधारण दीड सेकंदाला एकदा. हा तुमचा सावकाश चढउतार. पाणी लागलं की मोटरवर भार येतो, फेरे २८८० ला उतरतात, दुप्पट कंप ९६ होतो, फरक ४ होतो. आता सेकंदाला चार वेळा. ही तुमची घाई.

मुक्ताताई, आबांनी जे कानाने ऐकलं तो वेळेचा दृष्टिकोन. तिथे एक आवाज आहे आणि तो चढतो-उतरतो. दुसऱ्या बाजूने बघाल तर दोन रेघा आहेत आणि दोन्हींची उंची स्थिर आहे, काहीच चढत-उतरत नाही. दोन्ही वर्णनं खरी आहेत आणि दोन्ही एकाच गोष्टीची आहेत. मला दुरुस्तीसाठी दुसरं लागतं, कारण एक रेघ फिटरच्या वाट्याची आहे आणि दुसरी वाइंडिंगवाल्याच्या.

आबा, यंत्र नसताना करायची परीक्षा: मोटर चालू असताना आवाजाकडे लक्ष ठेवा आणि स्टार्टर बंद करा. घुंघुं त्याच क्षणी तुटली तर विजेच्या बाजूचं आहे, वाइंडिंग केलेल्याकडे परत न्या. मोटर थांबेपर्यंत गरगर उरली तर शाफ्ट आणि पायाचे बोल्ट बघा. चढउतार आहे त्या अर्थी थोडं दोन्हीकडचं आहे, पण जास्त कुठलं ते कळेल.

ओढ्यावरचे_आबा

सकाळी लाईट यायची आहे, तेव्हा करून सांगतो.

शंतनू_कोड

फिटरसाहेब, आबांच्या रिकाम्या मोटरचं एक सेकंदाचंच रेकॉर्डिंग घेतलं असतं तर एफएफटीत ९९.३ आणि १०० वेगळे दिसले असते का?

पाळीतला_फिटर

नाही. एका सेकंदात रेघा एकेक हर्ट्झच्या अंतरावर बसतात, ९९ आणि १००. त्यांच्या मधलं काही आलं की ते दोन्हींवर सांडतं. एकट्या सुरातही हे होतं. मृणालच्या मोटरचा वेग १४४० ऐवजी १४२२ असता तर सूर २३.७ ला. मग २४ च्या जागी खऱ्या उंचीच्या ८६ टक्के आणि २३ च्या जागी ३७ टक्के दिसलं असतं, आणि पुढे दोन्ही बाजूंना शेपूट. नवीन मुलं इथे दोन वेगळे दोष आहेत असा रिपोर्ट लिहितात. ओळखायची खूण म्हणजे रेकॉर्डिंग लांब करणं. दहा सेकंद घेतले की रेघा ०.१ च्या अंतरावर येतात आणि २३.७ ला एकच टोक उभं राहतं. खरेच दोन सूर असतील तर ते दोनच राहतात. आबांच्या मोटरला मी दहा सेकंदांच्या खाली घेणार नाही. त्या वेळात वेग बदलता कामा नये, ही मात्र अट.

नीरजा_एमआर

मी एमआरआय विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. कथेतलं "वेळेचा आलेख ही मूळ वस्तू नव्हतीच" वाचून फार बरं वाटलं, कारण आमच्याकडे सगळं उलट्या टोकाने सुरू होतं. मशिन रुग्णाचं चित्र मोजतच नाही. कॉइलमध्ये जे येतं ते आधीच लहरींच्या अक्षांवरचं माप असतं. आम्ही त्याला के-स्पेस म्हणतो, आणि चित्र त्यातून उलट ट्रान्सफॉर्म घेऊन तयार होतं. आमच्यासाठी कच्चा माल म्हणजे स्पेक्ट्रम आणि तयार माल म्हणजे चित्र.

मृणालचं शेवटचं वाक्य मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. खोलीत कुठेतरी ठिणगी पडावी तसा विद्युत गोंधळ झाला की के-स्पेसमधला एखादाच बिंदू बिघडतो. चित्रात त्याचा डाग येत नाही, सगळ्या मेंदूवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरपे पट्टे येतात. पट्ट्यांची दिशा आणि दाटी बघून बिघडलेला बिंदू कुठला ते सांगता येतं. एक लहर चुकीच्या उंचीने मिसळली गेली, इतकंच झालेलं असतं.

मुक्ता_सं

नीरजा, हे भारी आहे. मग आता माझा खरा प्रश्न. अक्ष कोणतेही चालतात, तर साइनच का? काटकोनात असलेल्या हजार दिशांचे संच अगणित निघतील.

चतुष्कोण

हाच प्रश्न कथेत यायला हवा होता असं मला वाटतं. फूरियर स्वतः विजेच्या नव्हे तर उष्णतेच्या मागे होता. १८०७ मध्ये त्याने पॅरिसला तो निबंध सादर केला, पुस्तक आलं १८२२ मध्ये. एक धातूचं कडं घ्या, कुठे तापलेलं, कुठे गार. क्षणाक्षणाला बघत बसाल तर प्रत्येक ठिकाणाचं तापमान शेजाऱ्यावर अवलंबून, शेजाऱ्याचं त्याच्या शेजाऱ्यावर, सगळं एकमेकांत गुंतलेलं. तेच तापमान कड्याभोवतीच्या लहरींवर मोजा. आता प्रत्येक लहर आपापली विझत जाते, दुसरीला हात लावत नाही. कड्याभोवती दोनदा येणारी लहर एकदा येणारीच्या चौपट वेगाने, तीनदा येणारी नऊपट वेगाने. म्हणून तापलेल्या कड्यावरचे बारीक चढउतार आधी पुसले जातात आणि शेवटी एक मोठी लहर उरते.

साइनची निवड इथून येते. ज्या यंत्रणेचे नियम आज एक, उद्या दुसरे असे बदलत नाहीत आणि दोन गोष्टी एकत्र दिल्या की दोन्हींच्या उत्तरांची बेरीजच परत येते, ती साइन लहर घेऊन तीच लहर परत देते. उंची आणि फेज बदलेल, पण दुसरी लहर जन्माला येणार नाही. त्या अक्षांवर बघितलं की गुंता सुटतो. यंत्रणा तशी नसेल तर साइनला काही विशेष मान नाही.

पाळीतला_फिटर

आणि ते रोज दिसतं. बेअरिंगच्या रिंगला बारीक तडा असला की प्रत्येक गोळीगणिक टक् टक् होतं. एक टक् म्हणजे एका क्षणाचा आकडा, मृणाल म्हणते तसा पूर्ण स्पेक्ट्रमभर पसरलेला. तिथे मी वेळेचा आलेखच आधी बघतो.

शंतनू_कोड

मग एक खटकतंय. पायाचा बोल्ट ढिला असला की मोटरचा कंप एका बाजूने चेपला जातो आणि स्पेक्ट्रममध्ये २४ बरोबर ४८, ७२, ९६ उभे राहतात. आता मोटर ७२ हर्ट्झने हलतेय का? मोटर तर फक्त २४ वेळा, वेड्यावाकड्या आकाराने हलतेय. ७२ ही आपल्या अक्षांची करणी आहे. दुसरे अक्ष घेतले तर ती रेघ नाहीच.

पाळीतला_फिटर

शंतनू, एकदा ७२ हर्ट्झला रेझोनन्स असलेल्या पाइपाजवळ उभा राहा. मोटर २४ ने फिरते आणि पाइप ७२ ने थरथरतो. पाइपाला तुझे अक्ष माहीत नाहीत. त्याला ७२ पोचलं म्हणूनच तो हलला.

शंतनू_कोड

पाइपाचं हलणं वेळेच्या बाजूनेही मांडता येतं की. प्रत्येक फेऱ्याला एक धक्का, धक्क्यानंतर पाइप स्वतःच्या सुरात झुलतो. तीन झोके होतात तोवर पुढचा धक्का नेमका लयीत येतो, म्हणून झोका वाढतो. यात ७२ चं नाव आलं ते पाइपाच्या स्वभावातून, मोटरमधून नाही.

चतुष्कोण

दोघांचे आकडे शेवटी सारखेच येणार, हे तुम्हा दोघांनाही माहीत आहे. पण प्रश्न आकड्यांचा नाही हेही मला कळतंय. मी स्वतः शंतनूच्या बाजूला अधिक झुकतो, तरी फिटरसाहेबांचा पाइप मला सहजासहजी बाजूला सारता येत नाही. मोटर आणि पाइप ही मिळून एक यंत्रणा धरली तर तिचे स्वतःचे अक्ष आहेत आणि ते आपण निवडलेले नाहीत.

नीरजा_एमआर

आमच्याकडे हा वाद कोणी घालत नाही, कारण ती लहर चुंबकाचा ग्रेडियंट लावून आम्हीच तयार करतो. पण मोटरच्या बाबतीत माझं मत अजून होत नाहीये.

ओढ्यावरचे_आबा

लाईट आली. पाणी चालू असताना स्टार्टर बंद केला. मोठी घुंघुं जागच्या जागी तुटली. पण मोटर थांबेस्तोवर बारीक गरगर ऐकू येत होती. पायाचे बोल्ट बघितले, चारातला एक हाताने फिरला. तो आवळला. आता चढउतार कमी आहे पण घुंघुं आहे. वाइंडिंगवाल्याकडे नेऊ का आणखी काही बघू?

पाळीतला_फिटर

आबा, नेण्याआधी क्लॅम्प मीटर कोणाकडे मिळाला तर तिन्ही फेजचा करंट भारावर मोजून इथे लिहा. तिन्हींत बराच फरक निघाला तर मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा, म्हणजे फिरण्याची दिशा बदलणार नाही, आणि पुन्हा मोजा. जास्त करंट मोटरच्या त्याच वायरीबरोबर सरकला तर दोष वाइंडिंगमध्ये आहे. लाईनच्याच जागी राहिला तर तुमच्या वीजपुरवठ्यात. मेन बंद करूनच वायरीला हात लावा, आणि शक्यतो वायरमन बोलवा.